ट्री काढला, गुणाकार बरोबर, तरी उत्तर चूक: उलटी कंडिशन कशी धरायची?

प्रश्न: बारावी, सीबीएसई. सराव पेपरातलं गणित: पहिल्या पिशवीत 4 लाल, 2 काळे चेंडू. दुसरीत 3 लाल, 3 काळे. पहिलीतले दोन चेंडू न बघता दुसरीत टाकले, मग दुसरीतून एक काढला, तो लाल निघाला. टाकलेले दोन्ही काळे असण्याची संभाव्यता किती? मी ट्री काढून 1/15 × 3/8 = 1/40 लिहिलं. 5 पैकी 2 मार्क. काय चुकलं? आणि चेंडू आधीच टाकून झालेत, मग नंतर निघालेल्या रंगाने त्यांची संभाव्यता कशी काय बदलते?

उत्तर:

तुझा 1/40 हा आकडा खरा आहे, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. ट्रीच्या एका फांदीवरून शेवटपर्यंत गुणत गेलं की मिळतं ते "दोन्ही काळे टाकले गेले आणि मग लाल निघाला" याचं उत्तर. इथे लाल निघालाय हे पेपरानेच सांगून टाकलंय. म्हणजे लाल न निघण्याच्या सगळ्या शक्यता बाद झाल्या आणि उरलेल्यांतला वाटा काढायचा आहे. वाटा म्हटलं की भागाकार आला, तो तुझ्या उत्तरात नाही.

आता ट्री पूर्ण करू. पहिल्या टप्प्यात तीन फांद्या. 6 मधून 2 चेंडू निवडायचे एकूण प्रकार 15. दोन्ही लाल: 6 प्रकार. एक लाल एक काळा: 4 × 2 = 8 प्रकार. दोन्ही काळे: 1 प्रकार. बेरीज 15, म्हणजे फांद्या पुऱ्या झाल्या. ही बेरीज दर वेळी करच. मधल्या फांदीला बरेच जण 4/6 × 2/5 = 4/15 लिहितात आणि "आधी काळा मग लाल" हा क्रम विसरतात. मग बेरीज 11/15 येते आणि चूक तिथेच सापडते. बेरीज न करता पुढे गेलं तर शेवटी उत्तर दिसायला ठीकठाकच असतं, कळत काहीच नाही.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक फांदीच्या टोकाला दुसरी पिशवी त्या क्षणी कशी दिसते ते लिहून ठेव. दोन्ही लाल आले तर पिशवीत 5 लाल 3 काळे, एकेक आला तर 4-4, दोन्ही काळे आले तर 3 लाल 5 काळे. एकूण 8 तिन्हीकडे. इथे 6 ने भागणारे दर वर्षी भेटतात, कारण प्रश्नात दुसऱ्या पिशवीचा मूळ आकडा डोळ्यासमोर असतो.

E1, E2, E3 या तीन फांद्या आणि A म्हणजे लाल निघणे. मग:

```
E1 (दोन्ही लाल) : 6/15 × 5/8 = 30/120
E2 (एकेक)       : 8/15 × 4/8 = 32/120
E3 (दोन्ही काळे) : 1/15 × 3/8 =  3/120
P(A) = 65/120
```

अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देऊ नकोस. तू 3/120 चं 1/40 केलंस आणि तिथेच चित्र हरवलं. छेद 120 ठेवला की नुसतं वाचता येतं: हा खेळ 120 वेळा खेळला तर सरासरी 65 वेळा लाल निघेल, आणि त्या 65 पैकी 3 वेळा टाकलेले दोन्ही काळे असतील. उत्तर 3/65. बेजच्या प्रमेयात

```
P(E3|A) = P(E3)·P(A|E3) / P(A)
```

असं जे लिहितात ते हेच, 3/120 भागिले 65/120. खालचा P(A) म्हणजे टोटल प्रॉबॅबिलिटीचा नियम: लाल ज्या ज्या वाटेने निघू शकतो त्या सगळ्या वाटांची बेरीज.

हा 65/120 पडताळायची एक वाट आहे, ती परीक्षेत अर्ध्या मिनिटात होते. पहिल्या पिशवीत दर 6 मागे 4 लाल, म्हणून टाकलेल्या दोनांत सरासरी 4/3 लाल. दुसरीत मग सरासरी 3 + 4/3 = 13/3 लाल, एकूण चेंडू 8. भागाकार 13/24, आणि 65/120 म्हणजेच 13/24. जुळलं.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. चेंडू बदलत नाहीत. जे टाकले गेले ते गेले. बदलते ती आपल्याकडची माहिती. काहीच माहीत नसताना दोन्ही काळे असण्याची संभाव्यता 1/15, म्हणजे साधारण 6.7 टक्के. लाल निघाला हे कळल्यावर 3/65, साधारण 4.6 टक्के. ती घटायलाच हवी, कारण दोन काळे पडले असते तर पिशवीत लाल कमी आणि लाल निघणं अवघड. उलट काळा निघाला असता तर? तिन्ही फांद्यांचे काळ्याचे आकडे 18, 32 आणि 5, बेरीज 55, उत्तर 5/55 म्हणजे 1/11, साधारण 9.1 टक्के. ती वाढली. आणि मजा बघ: लाल निघायच्या 65 वेळांतल्या 3 आणि काळा निघायच्या 55 वेळांतल्या 5 मिळून 8 होतात, आणि 8/120 म्हणजे मूळचा 1/15. जे एका बाजूला घटतं ते दुसऱ्या बाजूला वाढतं, हिशेब पुरा बसतो. उत्तर कुठल्या दिशेला सरकायला हवं ते आधी मनात ठरवून ठेव. लाल निघाला असताना 1/15 पेक्षा मोठं उत्तर आलं तर थांब आणि मागे जा.

मग निकालापासूनच ट्री का काढू नये, म्हणजे आधी लाल-काळा आणि मग टाकलेले चेंडू? काढता येतो, पण त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या फांद्यांवर जे लिहायचं तेच तर शोधायचं आहे. पेपरात दिलेली माहिती नेहमी घडण्याच्या क्रमाने असते, म्हणून ट्रीही त्याच क्रमाने. उलटं वाचन शेवटी, भागाकाराने. प्रश्नात "इज फाउंड टू बी रेड" किंवा "गिव्हन दॅट" दिसलं आणि विचारलंय मात्र आधीच्या टप्प्याबद्दल, की समजायचं उलटायचं आहे. नुसतं "लाल निघण्याची संभाव्यता" विचारलं असेल तर 13/24 वर थांब. केस स्टडीच्या प्रश्नात हे दोन्ही लागोपाठच्या उपप्रश्नांत येऊ शकतं, तेव्हा पहिल्याचं उत्तरच दुसऱ्याचा छेद असतो. तो पुन्हा मांडत बसू नको.

उत्तरपत्रिकेत E1, E2, E3, A म्हणजे काय ते शब्दांत लिही, मग सहाही किमती, मग सूत्र, मग आकडे. नुसता ट्री काढून खाली 3/65 लिहिलं तर टप्प्यांचे मार्क जायची भीती असते.

आणि तो 120 छेदाचा तक्ता पुसू नको. त्याच गणितात "किमान एक काळा टाकला गेला असेल तर?" असं विचारलं तर (32 + 3)/65, म्हणजे 7/13, एका ओळीत.