विमान ५० मिनिटं कमी उडलं, मग वेळापत्रकातले ७ तास ४० मिनिटं कुठले?

प्रश्न: "तिकिटावर पहिल्या टप्प्याला ७ तास ४० मिनिटं लिहिली होती, वैमानिकाने मात्र ६ तास ५० मिनिटांचं उड्डाण सांगितलं. एकूण प्रवास १७ तास ५५ मिनिटं दाखवतात, पण सुटायची आणि पोचायची वेळ वजा केली तर ११ ताससुद्धा होत नाहीत. यातलं खरं काय धरायचं?"

७:४०, ६:५० आणि १७:५५ हे तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येकाचं मोजमाप वेगळं आहे. ११ तासांची वजाबाकी मात्र फसवी आहे.

तिकिटावरचा आकडा म्हणजे ब्लॉक टाइम. विमान सुटण्याच्या गेटवरून हललं तिथपासून ते पोचण्याच्या गेटवर उभं राहून चाकांना अडसर लागेपर्यंतचा वेळ. सुटण्याची वेळ २१:४० छापली असेल तर ती दार बंद करून मागे ढकलायला सुरुवात करण्याची वेळ असते, चाकं जमीन सोडण्याची नव्हे. वैमानिक सांगतो तो बहुतेकदा चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंतचा, म्हणजे निव्वळ हवेतला वेळ. मधल्या फरकात दोन्हीकडचं टॅक्सीइंग, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यात विमानाचं जमिनीवरून चालणं, आणि कंपनीने मुद्दाम ठेवलेली जादा वेळेची फट येते.

तुमचाच टप्पा घेऊन हिशोब करू. समजा विमान १२ मिनिटं उशिरा, २१:५२ला हललं. धावपट्टीपर्यंत जायला आणि रांगेत थांबायला २० मिनिटं लागून २२:१२ला उडालं. ६ तास ५० मिनिटांनी टेकलं, नंतर ८ मिनिटांत गेटवर आलं. हलल्यापासून ७ तास १८ मिनिटं झाली. वेळापत्रकात ७:४० होते, म्हणजे २२ मिनिटं शिल्लक होती. त्यातली १२ उशिरात गेली आणि तरीही विमान १० मिनिटं आधी पोचलं. 'उशिरा सुटलं पण वेळेआधी आलं' यात वैमानिकाने वेग वाढवल्याचं श्रेय लोक देतात, पण बहुतेक वेळा ती फटच असते.

ही फट कंपनी हवेतून काढत नाही. त्याच मार्गाच्या आधीच्या फेऱ्यांचा वेळ, मोसमातले वारे आणि त्या तासाची विमानतळावरची गर्दी बघून ब्लॉक टाइम ठरतो. म्हणून एकच मार्ग हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या वेळापत्रकात वेगळ्या मिनिटांचा दिसू शकतो, आणि जाण्या-येण्याचा वेळही सारखा नसतो. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना समोरचा वारा असतो, त्यामुळे ती फेरी परतीपेक्षा साधारण तासभर लांब छापलेली असते. दोन कंपन्यांचे ब्लॉक टाइम शेजारी ठेवून 'ही जलद' म्हणू नका. कमी आकड्याच्या कंपनीने फक्त फट कमी ठेवलेली असू शकते.

आता ११ तासांचं कोडं. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते, म्हणून नुसत्या वजाबाकीवर जाऊ नका. सगळं यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, आणा. समजा सुटण्याचं ठिकाण यूटीसीच्या ८ तास पुढे आहे, मधलं ४ तास आणि शेवटचं १ तास पुढे. २१:४० म्हणजे यूटीसी १३:४०. मधल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी ०१:२०ला आगमन, म्हणजे यूटीसी २१:२०, झाले ७:४०. तिथून ०४:५०ला पुढचं विमान, म्हणजे ३:३० थांबा. शेवटी ०८:३५, म्हणजे यूटीसी ०७:३५. दुसरा टप्पा ६:४५. बेरीज १७:५५. घड्याळावरच्या १०:५५ मध्ये ७ तासांचा फरक मिळवला की तेच उत्तर येतं. उन्हाळी वेळ लागू असलेल्या देशात फरक बदलतो, तेवढं त्या तारखेचं तपासून घ्या.

माझ्या मते सगळ्यात फसवा आकडा त्या ३:३० चा. थांबा पहिल्या विमानाच्या गेटवरच्या वेळेपासून दुसऱ्याच्या सुटण्याच्या वेळेपर्यंत मोजतात. पण गेटवर आल्यावर शिडी किंवा पूल लागून दार उघडायला काही मिनिटं जातात, मागच्या रांगेतून बाहेर यायला आणखी पंधरा. दुसऱ्या टोकाला गेट सुटण्याच्या १५-२० मिनिटं आधीच बंद होतं. म्हणजे हातात साधारण २ तास ५० मिनिटं उरतात. थांबा १ तास १० मिनिटांचा असेल तर याच कापाकापीत तो अर्ध्या तासावर येतो, आणि सुरक्षा तपासणी अजून व्हायचीच असते. अशा वेळी पहिल्या टप्प्यातली फट हाच तुमचा खरा आधार, पण रांग लांबली किंवा समोरचा वारा जोराचा निघाला की ती आधी खर्च होते. वेळेआधी उतरलेलं विमान कधी कधी गेट रिकामं नसल्याने बाहेर उभं राहतं, तेही धरून चाला.

बुकिंगआधी मी एक करतो. पहिल्या टप्प्याचा क्रमांक फ्लाइट ट्रॅकरवर टाकून मागचे आठ-दहा दिवस बघतो. वेळ टेकण्याची आहे की गेटवर येण्याची, हे आधी नीट बघा. काही ठिकाणी 'आगमन' म्हणून टेकण्याचीच वेळ दिलेली असते, आणि मोठ्या विमानतळावर त्यानंतर गेटपर्यंत १५ मिनिटं सहज जातात. त्या दहा दिवसांतल्या दोन-तीन वाईट दिवसांत तुमचं कनेक्शन टिकलं असतं का, ते मोजा. टिकलं नसतं तर पुढचं विमान घ्या, मग एकूण वेळ दोन तासांनी वाढला तरी चालेल.