चित्रालेखात एक चित्र म्हणजे 8 वस्तू असतील तर

प्रश्न: मुलगी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. चित्रालेखात '1 चित्र = 8 झाडे' असं दिलं आणि मध्येच अर्धं चित्र आलं की तिचं उत्तर चुकतं. ताळ्याच्या खुणांचंही तेच. कसं समजावू?

आधी चित्रंच मोजायची आणि गुणाकार अगदी शेवटी, एकदाच करायचा. समजा प्रत्येक इयत्तेने लावलेल्या झाडांचा चित्रालेख आहे आणि पाचवीच्या ओळीत साडेचार चित्रं आहेत. 4 × 8 = 32, अर्ध्या चित्राचे 4, एकूण 36. अर्धं चित्र म्हणजे 'अर्धं झाड' नव्हे, आठाचे निम्मे. हे मुलांना तोंडी पटतं, पण कागदावर सुटतं. म्हणून प्रश्न वाचायच्या आधीच प्रमाणाशेजारी 'अर्धे = 4' असं लिहून ठेवायला सांगा.

तिचं चुकलेलं उत्तर नीट पाहा, चूक कुठे झाली ते त्यातच दिसतं. 40 आलं तर अर्धं चित्र पूर्ण धरलंय. 33 आलं तर अर्ध्या चित्राचं एकच झाड मोजलंय. 32 आलं तर ते नजरेतून निसटलंय. पर्यायांत बहुधा हेच आकडे असतात, त्यामुळे 'माझं उत्तर पर्यायात आहे' याला काही अर्थ नाही.

'सहावीने पाचवीपेक्षा किती जास्त झाडे लावली?' असं विचारलं आणि सहावीची 6 चित्रं असतील, तर 48 वजा 36 करत बसू नका. 6 वजा साडेचार म्हणजे दीड चित्र. दीड गुणिले 8, म्हणजे 12. आकडेमोड कमी, चुकाही कमी.

ताळ्याच्या खुणांत एरवी एक खूण म्हणजे एकच, त्यामुळे वर बारीक अक्षरात '1 खूण = 4 मुले' लिहिलेलं असलं तरी मुलं ते वाचतच नाहीत. दोन गठ्ठे आणि सुट्या तीन खुणा असतील, तर आधी खुणा मोजा: 5 + 5 + 3 = 13. मग 13 × 4 = 52. इथे 44 आलं तर तिने आडवी रेघ मोजलेली नाही, गठ्ठा चाराचा धरलाय. 20 आलं तर अख्खा गठ्ठा एकच खूण समजलाय. 22 ही सगळ्यात फसवी चूक: गठ्ठ्यांचे 10 तसेच ठेवून फक्त सुट्या खुणांना चाराने गुणलंय.

कधीकधी प्रमाणच दिलेलं नसतं. साडेचार चित्रं आणि दीड चित्र, फरक 18 झाडांचा. चित्रांतला फरक 3, म्हणून एका चित्राची 6 झाडं. अशा गणितात प्रमाण 5 आलं तर थांबून पुन्हा पाहायला सांगा, कारण अर्ध्या चित्राची मग अडीच झाडं होतील.