'अभिनंदन' लिहिलंय म्हणजे अ‍ॅडमिशन झालं ना?

"मॅडम, यूकेच्या युनिव्हर्सिटीची ऑफर आलीय. अभिनंदन लिहिलंय, पण आठ दिवसांत दोन हजार पौंड भरा असंही आहे. भरून टाकायचे का?"

मे-जून आला की हा प्रश्न माझ्याकडे ठरलेलाच. या वेळी कोथरूडहून माय-लेक आले होते. आईंच्या हातात फोन, मुलाच्या चेहऱ्यावर 'आता भरा ना एकदाचे' असा भाव.

घाईत कोणी सल्ला ऐकत नाही, म्हणून मी सल्ला देतच नाही. मेलची प्रिंट काढली, मुलाला पेन दिलं आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला सांगितला: हे नाही केलं तर काय होईल?

'तुमच्या स्वागतासाठी आम्ही उत्सुक आहोत.' काहीच होणार नाही, खोडलं. 'शक्य तितक्या लवकर डिपॉझिट भरावं असं सुचवतो.' काही नाही, खोडलं. मग आठ दिवसांचं वाक्य. मुलगा थबकला. "मॅडम, त्या तारखेपर्यंत भरले तर फीमध्ये पाचशे पौंड सवलत आहे. ऑफर रद्द होते ती ३० जूनला."

"म्हणजे आम्ही रात्रभर जागलो ते सवलतीसाठी?" आई म्हणाल्या.

खरी मजा पुढे आली. 'अंतिम गुणपत्रिका ३१ जुलैपर्यंत अपलोड केल्यास आभारी राहू.' मुलगा खोडायलाच निघाला होता, पण पुढचं वाक्य वाचून थांबला: त्याशिवाय कॅस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं प्रमाण, देता येणार नाही. कॅस नाही तर व्हिसाचा अर्ज नाही. सूर आर्जवाचा, पण अट पक्की. हे त्याने स्वतः शोधलं. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरला असता, हे माझं जुनं मत.

मग डिपॉझिटच्या नियमांची लिंक उघडली. तिथे लोक सहसा जातच नाहीत. व्हिसा नाकारला, तर नकाराचं पत्र दाखवून पैसे परत. पदवीचे गुण कमी पडले, तरी परत. विचार बदलला, तर नाही. आणि इंग्रजीची अट पूर्ण झाली नाही, तरीही नाही.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची अट एकूण ६.५ आणि प्रत्येक विभागात किमान ६ अशी होती. मुलाला एकूण ७ होते, म्हणून तो निर्धास्त. रायटिंगला मात्र ५.५. सवलतीच्या नादात पैसे भरले असते, तर दोन हजार पौंड याच अर्ध्या बँडवर टांगले असते. हे नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीचे वेगळे, त्यामुळे शेजारच्या मुलाचा अनुभव इथे चालत नाही.

सवलत सोडायची असं आईंनीच ठरवलं. आधी रायटिंगसाठी पुन्हा परीक्षा आणि तिचा निकाल, मग ३० जूनच्या आत डिपॉझिट. पुणे विद्यापीठाचा निकाल लांबला तर जुलैची तारीख वाढवून मिळेल का, हे अ‍ॅडमिशन ऑफिसला विचारणारा मेल मुलाने माझ्यासमोरच लिहिला. उत्तर फोनवर नको, लेखी हवं, एवढी एक ओळ मी त्यात घालायला लावली.