डॉक्टर ‘सहा आठवडे’ म्हणाल्या, पण दिवस तर चारच आठवड्यांपूर्वी राहिले?

अगं, घोळ तुझा नाही, मोजण्याच्या पद्धतीचा आहे. गरोदरपणाचे चाळीस आठवडे, म्हणजे २८० दिवस, गर्भ राहिल्यापासून नाही तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी थांबली तो दिवस नव्हे, सुरू झाली तो. गर्भ साधारण दोन आठवड्यांनी राहतो, म्हणून पहिले दोन आठवडे फुकटचेच!

तुझी पाळी ५ जानेवारीला आली होती ना? त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळव, बाळंतपणाची अंदाजे तारीख १२ ऑक्टोबर येते. पण हा हिशोब २८ दिवसांच्या चक्राचा. तुझी पाळी ३५ दिवसांनी येते, म्हणजे बीज सात दिवस उशिरा सुटतं, तर तारीखही सात दिवस पुढे, १९ ऑक्टोबर. माझ्या वेळी हे कुणी विचारलंच नव्हतं, मी उगाच आठवडाभर धास्तावले होते.

पाळी अनियमित असेल किंवा तारीख नक्की आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवर भिस्त ठेव. तेव्हा बाळाच्या लांबीवरून वय बरंच नेमकं कळतं. नंतरच्या सोनोग्राफीत वेगळी तारीख दिसली, तरी आधी ठरलेली सहसा बदलत नाहीत. आणि नेमक्या त्याच दिवशी फार थोडी बाळं जन्मतात, तेव्हा बॅग आधीच भरून ठेव.