अँकीत कार्ड पाठ, पण मॉकमध्ये चुकतंय

प्रश्न: एडब्ल्यूएस असोसिएटची परीक्षा देतोय, रोज अँकी या फ्लॅशकार्ड ॲपवर कार्डं करतो तरी मॉकमध्ये उत्तरं चुकतात, काय करू?

बहुतेक तुझी कार्डं व्याख्येची असणार, "व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणजे काय" टाइप, आणि पेपरात येतो प्रसंग. कार्डच तसं कर: एसक्यूएसच्या रांगेतला एकच मेसेज दोनदा प्रोसेस होतोय, कामाला 50 सेकंद लागतात, का? उत्तर: डीफॉल्ट टाइमआउट 30 सेकंद, काम संपायच्या आत मेसेज परत दिसायला लागतो आणि दुसरा वर्कर उचलतो, म्हणून टाइमआउट वाढव. कार्ड उलटायच्या आधी उत्तर तोंडाने पूर्ण बोल, "हां हे माहितीय" वाटलं पण बोलता आलं नाही तर सरळ Again दाब (इथेच सगळे स्वतःला फसवतात, मीपण). आणि एकच कार्ड सारखं चुकत असेल तर घोकू नकोस, तोडून दोन कर.