दाजींचा ग्लोब आणि माझा हिंगोलीचा तुकडा

प्रश्न: माझी भाची पुढच्या महिन्यात आठ वर्षांची होतेय. तिला भूगोलाची गोडी लागेल असं काहीतरी द्यायचंय. ग्लोब घेऊ, नकाशाचं पझल घेऊ की अ‍ॅटलास? हजार-दीड हजारापर्यंत चालेल.

अ‍ॅटलास आत्ता नको. बारीक अक्षरांचं एक वेळ जाऊ द्या, खरी अडचण प्रमाणाची आहे. एका पानावर महाराष्ट्र तळहाताएवढा असतो आणि पान उलटलं की अख्खा आशियाही तेवढाच. आठ वर्षांच्या लेकराला दोन्ही सारखेच वाटतात, आणि तिसरीतल्या मुलाला 'एक सेंटिमीटर म्हणजे अमुक किलोमीटर' समजावत बसलात तर पुस्तक कपाटात गेलंच म्हणून समजा. सहावीत द्या, तेव्हा ती स्वतःच पानं उलटेल.

राहिले ग्लोब आणि पझल. त्यावर आमच्या घरात चार वर्षं भांडण चालू आहे, म्हणूनच हे लिहायला बसलो.

मी सेलूचा, बहीण परभणीला दिलेली. भाच्याच्या आठव्या वाढदिवसाला दाजींनी पुण्याहून ग्लोब आणला. तीस सेंटिमीटर व्यासाचा, आत दिवा, बटण दाबलं की तारे दिसणारा, तीन हजार दोनशे रुपयांचा. किंमत आल्यागेल्या प्रत्येकाला सांगून झाली. मी त्याच दिवशी साडेचारशे रुपयांचं लाकडी पझल दिलं, महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचं. दाजी चारचौघांत म्हणाले, "आम्ही पोराला जग दाखवतोय आन् मामा हिंगोली दाखवतोय." सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य अजून पोटात आहे.

ग्लोबचं काय झालं ते आधी सांगतो. पोरानं तो भिंगरीसारखा फिरवला. महिनाभरात खालची खुंटी सैल झाली, गोल एका बाजूला घासायला लागला आणि ताईनं तो शोकेसवर, गणपतीच्या शेजारी ठेवून दिला. आता यात पोराची चूक काय? फिरणारी वस्तू दिली तर पोर ती फिरवणारच. तिचं पुढं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पझलवर मात्र रोज बसायचा. कारण त्यात तुकडे जिल्ह्याच्या आकाराचे होते. ही गोष्ट दुकानात नीट बघून घ्या. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात नकाशाचं चित्र छापून त्याचे नेहमीचे कानवाले तुकडे केलेले असतात. त्यात पोर कानाला कान जुळवतं, नकाशा बघतच नाही. तिथं फुलाचं चित्र असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या प्रकारात कापणी सीमेवरून असते, बीडचा तुकडा बीडच्याच आकाराचा. पझल हा प्रकार जन्मला तोच असा. 1760च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशाकारानं लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला म्हणून.

पहिल्याच आठवड्यात हिंगोलीचा तुकडा हातात घेऊन मी सहज बोलून गेलो, "मी तिसरीत होतो तेव्हा हा तुकडाच नव्हता. हिंगोली परभणीतच होती." खरंच आहे, हिंगोली जिल्हा 1 मे 1999ला वेगळा झाला. पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. जिल्हे डोंगरासारखे आधीपासूनच असतात असं त्याला वाटत होतं. मग लातूर कधी झाला, जालना कधी झाला, सुरू झालं. जालना 1981, लातूर 1982. लातूरचा तुकडा धाराशिवला, त्या वेळच्या उस्मानाबादला, चिकटवून तो म्हणाला, "म्हणजे हे आधी असं दिसायचं." तेव्हा दाजी टीव्ही बघत होते, हे नमूद करून ठेवतो.

पण खरी गंमत माझ्या आईमुळं झाली. सोमवती अमावास्येला आई सकाळी परभणीहून गंगाखेडला गेली आणि दुपारी जेवायला परत आली. "गंगेवर जाऊन आले," म्हणाली. आमच्याकडं जुनी माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात, गंगाखेडचं नाव त्यावरूनच. आता पोराच्या शाळेत भिंतीवर भारताचा नकाशा. त्यात गंगा पार वर, उत्तर प्रदेशात. त्यानं मला फोन केला, "मामा, आजी गंगेवर जाऊन दुपारी परत कशी आली?"

रविवारी मी पर्मनंट मार्कर घेऊन परभणी गाठली. (साधा स्केचपेन घेऊ नका, लाकडावरच्या चकचकीत थरावरून पुसला जातो.) पझल पूर्ण जुळवून त्यावर निळी रेघ ओढली. नाशिकच्या तुकड्यात त्र्यंबकेश्वरपासून सुरुवात, मग अहिल्यानगर आणि संभाजीनगरच्या मधून पैठण, पुढं जालना एका अंगाला, बीड दुसऱ्या अंगाला, मग परभणी, नांदेड आणि बाहेर तेलंगणात. रेघ ओढताना पेन सारखा फटीत जायला लागला. पोरानंच विचारलं, "ही फटीतूनच का जाते?" नदी बऱ्याच ठिकाणी सीमाच आहे, अलीकडं जालना, पलीकडं बीड. इतक्या वेळा तो नकाशा मी पाहिलाय, पण हे माझ्याही लक्षात त्या दिवशी आलं. त्यानंतर तो तुकडे रंगावरून नाही, नदीवरून जुळवायचा.

तरी दोन गंगांमधलं अंतर काही त्या पझलात मावेना. तेव्हा नाइलाजानं शोकेसवरून दाजींचा ग्लोब खाली काढला. वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली, विषुववृत्तावर बरोबर एक वेढा बसेल एवढी. हा वेढा म्हणजे चाळीस हजार किलोमीटर. मग पट्टीची घडी घातली, वीस हजार. परत घातली, दहा हजार. अशा पाच घड्या घातल्या की पट्टीचे बत्तीस सारखे भाग होतात आणि एक भाग साडेबाराशे किलोमीटरचा. भागाकार नको, पट्टीवर आकडे नकोत, आणि ग्लोब लहान असो की मोठा, पट्टी त्या ग्लोबपुरती बरोबरच येते. परभणीपासून काशीपर्यंत ठेवली तर एक भागही पुरा भरला नाही, पाऊण भागात काशी. गंगाखेड? ते पेन्सिलीच्या टोकाखालीच गेलं. परभणी ते गंगाखेड त्या ग्लोबवर एक मिलिमीटरसुद्धा नाही. आजी दुपारी परत कशी आली याचं उत्तर मिळालं.

दाजींचे भाऊ न्यू जर्सीला असतात, म्हणून पुढं मुंबई ते न्यूयॉर्क मोजलं. बरोबर दहा भाग, साडेबारा हजार. पण पट्टी घट्ट ताणली की ती अरबस्तानावरून जाईना, वर मॉस्कोकडं सरकायची, मग नॉर्वे, आइसलँड. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर ती आफ्रिकेवरून जाते, पण गोलावर जवळची वाट ती नाही. हे भिंतीवरच्या नकाशात बघून कळत नाही. इथं दाजी टीव्ही सोडून उठून आले.

आणि मग पोरानं नाईल धरली. बोट फिरवत म्हणाला, "मामा, ही नदी वर चढते." नकाशात वर म्हणजे उंच, खाली म्हणजे उतार, असं बहुतेक लेकरं धरून चालतात, आणि कुणी विचारत नाही म्हणून मोठेपणीही ते तसंच राहतं. त्याला अंगणात नेलं. पाटावर खडूनं बाण काढून टोकाला 'उत्तर' लिहिलं, दक्षिणेच्या बाजूखाली वीट ठेवली आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी बाणाच्या दिशेनं गेलं. ही नाईल. मग वीट पश्चिमेच्या बाजूखाली सरकवली, हा सह्याद्री. पाणी पूर्वेला गेलं. ही आपली गंगा. त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण उतार पलीकडं, म्हणून ती जवळचा समुद्र सोडून 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. विटेची जागा बदलत पोरानं अंगणाचा चिखल केला, ताई माझ्यावर ओरडली.

तर तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर दीड हजारात दोन्ही बसतं. साधा वीस सेंटिमीटरचा बिनदिव्याचा ग्लोब आणि जिल्ह्यांच्या आकाराचं पझल. एकच घ्यायचं असेल तर पझल, असं मी दाजींच्या तोंडावर सांगतो. आता इथं मान्य करायला हरकत नाही की नाईल आणि न्यूयॉर्क पझलात सापडलं नसतं. पण ग्लोब शोकेसवरून खाली आला तो पझलमुळं, हेही खरं आहे. आणि तुमची भाची पुण्या-मुंबईत वाढत असेल, गावाशी काही संबंध नसेल, तर हिंगोलीच्या तुकड्याचं तिला काय, तेव्हा माझा हिशेब चुकूही शकतो. दिवा, बोलणारं पेन, उठावाचे डोंगर यावर मात्र पैसे घालू नका. उठाव तर निव्वळ खोटा असतो. एव्हरेस्ट खऱ्या प्रमाणात दाखवला तर वीस सेंटिमीटरच्या ग्लोबवर तो मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढा येईल, बोटाला लागणारसुद्धा नाही.

जुना माल मात्र बघून घ्या. महाराष्ट्राच्या पझलात पालघर वेगळा आहे का बघा, तो 2014चा. माझ्या पझलात नव्हता, ठाण्यातच होता, म्हणजे दुकानदारानं मला जुनं गळ्यात मारलं होतं. भारताच्या पझलात तेलंगणा आणि लडाख शोधा, ग्लोबवर दक्षिण सुदान, तो 2011चा. भारताची सीमा, विशेषतः काश्मीरची, नीट आहे का तेही पाहा, बाहेरून आलेल्या स्वस्त ग्लोबवर ती कशीही छापलेली असते.

आमच्या पझलातला हिंगोलीचा तुकडा मागच्या दिवाळीत हरवला. मी पुठ्ठ्याचा कापून बसवला, पण जाडी कमी पडते, बोट फिरवलं की तिथं खड्डा लागतो. दाजी पाहुण्यांना तेवढाच दाखवतात.