बेल वाजली की धावतो, पण नाव विचारलं की गप्प

"मॅडम, दाराची बेल वाजली की हा धावत सुटतो. म्हणजे ऐकू येतं ना? मग बोलत का नाही? कानाला मशीन लावून आठ महिने झाले, तरी सांगितलेलं कळत नाही. मुद्दाम करतो का?"

ऑडिटरी न्यूरोपॅथी, म्हणजे आवाज कानात पोचतो पण मेंदूकडे नीट जात नाही असा दोष असलेल्या मुलांचे आईबाबा हे वाक्य थोड्याफार फरकाने बोलतातच. ओमचे (नाव बदललं आहे) बाबाही हेच बोलले. ओम साडेतीन वर्षांचा. दिवस पूर्ण भरण्याआधीच झालेला, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं. जन्मानंतरची कानाची ओएई चाचणी पास, म्हणून सगळे निर्धास्त. पण ओएई अंतर्कर्णातल्या 'बाहेरच्या' केसपेशींपुरतंच सांगते. तिथून पुढे मज्जातंतूत काय चाललंय ते तिला दिसत नाही. म्हणूनच अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची, मज्जातंतूतून मेंदूकडे जाणारे संदेश टिपणारी बेरा चाचणीही व्हायला हवी. ओमची ती तीन वर्षं होत आल्यावर झाली आणि आलेख जवळजवळ सपाट आला.

"सपाट म्हणजे बहिरा?" आईने विचारलं.

नाही. बेरामध्ये लहरी उमटायला हजारो तंतूंनी एकाच क्षणी संदेश सोडावा लागतो. ढोलपथकात प्रत्येक जण आपापल्या वेळेला टिपरू मारू लागला तर आवाज रस्ताभर पोचतो, ताल मात्र सापडत नाही. ओमच्या कानात तेच होत होतं. बेल ही नुसती 'आवाज आहे' एवढीच बातमी असते. शब्दात मात्र 'प' आणि 'ब' यांच्यातला फरक काही मिलिसेकंदांचा असतो, आणि तोच पुसला जातो. मशीन आवाज वाढवतं, ताल जुळवून देत नाही.

बाबांना हे पटलं नव्हतं. "पण ऑडिओग्राममध्ये तर ऐकण्यातली घट पन्नास डेसिबलची आहे. इतकी तर मध्यमच, ना?"

मग मी टेबलावर तीन चित्रं मांडली: गाय, पाय, चहा. पंखा चालू ठेवून बाबांना म्हटलं, तोंडासमोर वही धरा आणि एकेक नाव घ्या. ओमने प्रत्येक वेळी वहीकडेच बघितलं आणि हाताला येईल त्या चित्रावर बोट ठेवलं. पंखा बंद केल्यावर 'चहा' जमला. मग वही बाजूला केली. 'पाय' म्हणताना बाबांचे ओठ मिटले आणि ओमने न चुकता पायावर बोट ठेवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी पाठमोरा असताना ओरडायचो, ते सगळं वाया."

माझ्या खोलीत बऱ्याच घरांची गाडी इथेच वळण घेते, आणि त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागलेलं नाही. मी ऑडिओग्रामपेक्षा घरातल्या बोलण्यावर जास्त विसंबते, हे माझे सहकारी जाणतात. इथे तर ते भागच आहे. बेरावरून ऐकण्याची पातळी ठरवता येत नाही आणि ऐकण्याच्या पातळीवरून शब्द किती कळतात ते ठरत नाही. दोन मुलांचे ऑडिओग्राम तंतोतंत सारखे असतील, पण एक गोष्ट ऐकत बसेल आणि दुसऱ्याला स्वतःचं नावही कळणार नाही.

उपचार अवघड होतात ते यामुळेच. नाव एक, बिघाडाच्या जागा वेगळ्या. आतल्या केसपेशींत किंवा त्या तंतूला जोडतात तिथे दोष असेल, उदाहरणार्थ ओटीओएफ जनुकातला, तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवलेलं आणि तंतूला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र, बहुधा चांगलं लागू पडतं. श्रवणतंतूच बारीक असेल किंवा नसेलच, तर फायदा कमी. म्हणून आधी एमआरआय. काविळीच्या काही बाळांमध्ये पहिल्या वर्ष-दीड वर्षात आपोआप सुधारणा होते, त्यामुळे डॉक्टर इम्प्लांटची घाई करत नाहीत. पण वाट बघण्यात भाषेची वर्षंही निघून जातात.

म्हणून माझा आग्रह: ऑपरेशनचा निर्णय लांबला तरी भाषा थांबवू नका. ओमच्या घरी आम्ही तीनच गोष्टी धरल्या. बोलायचं ते समोर बसून, उजेड आपल्या चेहऱ्यावर ठेवून. टीव्ही, मिक्सर, पंखा बंद; बालवाडीत बाईंच्या गळ्यात त्यांचा आवाज थेट ओमच्या मशीनला पोचवणारा रिमोट माइक, म्हणजे वर्गाचा गलका मागे पडतो. आणि बोलण्याबरोबर खुणा. आजीला खुणा अजिबात मान्य नव्हत्या. "हाताने बोलायला लागला की तोंडाने बोलणारच नाही." दोन महिन्यांनी ओमने तिला खुणेने 'अजून भात' मागितला. त्यानंतर आजीच चार खुणा जास्त शिकली.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं. खुणा वाढल्या होत्या, पण मशीन लावून, ओठ न बघता शब्द ओळखणं होतं तिथेच. एमआरआयमध्ये तंतू व्यवस्थित दिसला. पन्नास डेसिबल असूनही आमच्या टीमने इम्प्लांट सुचवलं ते या दोन गोष्टी एकत्र बघून.

ऑपरेशन ठरल्यावर बाबांनी विचारलं, "आता खुणा बंद करायच्या ना?"

नाही म्हटलं. एक तर या मुलांत इम्प्लांटनंतर बोलणं किती स्पष्ट कळेल याची हमी कुणीच देत नाही. दुसरं म्हणजे अंघोळीला आणि झोपताना इम्प्लांटचा बाहेरचा भाग बहुधा काढून ठेवावा लागतो, आणि ओमचे सगळ्यात जास्त प्रश्न नेमके झोपतानाच निघतात.